समिती सोडायची आहे, सदस्यपद नाही

"सर, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. गेल्या वर्षी ग्रामसभेत मला पाणीपुरवठा समितीची अध्यक्षही केलं. आता मिस्टरांची किडनी खराब झालीय. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला साताऱ्याला जावं लागतं, पुढे पुण्यात राहावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. समितीचं काम माझ्याच्यानं होत नाही. पावती पुस्तकं, चेकबुक, टाकीच्या किल्ल्या सगळं माझ्याकडे आहे. सरपंचांना बोलले तर म्हणाले, 'वहिनी, राजीनामा कशाला? नावाला राहा, चेकवर सह्या करून ठेवा, बाकीचं आम्ही बघतो.' दोन कोऱ्या चेकवर सह्या करून दिल्यासुद्धा. सदस्यपद मात्र सोडायचं नाही, लोकांनी मतं दिलीत. आणि आजारपणाचा गावात बोभाटा नको, मुलीचं लग्न जमवायचं आहे. राजीनामा कसा लिहू, कुणाकडे देऊ? कुणाला वाईट वाटू नये आणि माझ्या मागे कुणी बोट दाखवू नये, असं सगळं कसं सोपवू?"
— एक ताई, सातारा जिल्हा

ताई, राजीनाम्याचं उद्या बघू. आज संध्याकाळी आधी ते दोन चेक परत आणा.

सरपंचांच्या मनात वाईट आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा नसतंच. मोटर जळली, दुकानदार पैशासाठी अडून बसला आणि अध्यक्ष दवाखान्यात, ही अडचण खरी असते आणि कोरा चेक हा त्यावरचा सगळ्यात सोपा तोडगा वाटतो. पण चेकवर दुसरी सही भाऊसाहेबांची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या सचिवांची असली, तरी लेखापरीक्षणात प्रश्न दोन्ही सह्यांना येतो. त्या तारखेला तुम्ही पुण्यात होता, रक्कम कुणी भरली हे तुम्हाला माहीत नव्हतं, हे उत्तर तिथे चालत नाही. उलट तेच तुमच्या अंगाशी येतं. सरळ सांगा, "भाऊ, मी आता समितीतून मोकळी होतेय, नवीन अध्यक्षांच्या सहीनं चेक निघतील, ते दोन मला द्या." हातात आले की आडवी रेघ मारून 'रद्द' लिहा आणि फाडून न टाकता चेकबुकातच ठेवा. एखादा सापडत नाही म्हणाले, तर चेकबुकाच्या अर्धुकावरून त्याचा क्रमांक घ्या, पेमेंट थांबवा असा अर्ज बँकेत द्या आणि पोच घ्या. एखादा वटला असेल तर तो कोणत्या बिलापोटी गेला ते बिल पाहून घ्या, भांडण न करता.

आता राजीनामा. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली, तेव्हा या विषयातले कागद पुष्कळ पाहिले. चुका बहुतेक एकाच वाक्यात असायच्या: "मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे." कोणत्या पदाचा? तुमच्याकडे दोन आहेत. ग्रामपंचायत सदस्यानं सदस्यपदाचा राजीनामा सरपंचाकडे लेखी द्यायचा असतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम २९ मध्ये ते आहे. तो कागद सरपंच सचिवाकडे देतात, सचिव पुढच्या सभेत ठेवतात. राजीनामा माझा नाही, खरा नाही, असा वाद सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला नाही, तर तो लागू होतो. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' याला त्यात जागा नाही, कारण वाद खरेपणाचा घालता येतो, अर्थाचा नव्हे. आणि गंमत अशी, की समितीचा राजीनामाही तुम्ही त्याच सरपंचांच्या नावे देणार. कागद एकाच टेबलावर जाणार आणि शब्द मोघम असले तर कुणीतरी हुशार माणूस त्याचा हवा तो अर्थ काढणार. एका ताईंचं असंच झालं होतं. महिला बचत भवनाच्या समितीतून बाहेर पडायचं होतं, अर्जात नुसतं 'पद' होतं, सभेत 'सदस्याचा राजीनामा' म्हणून वाचला गेला. सातव्या दिवसापर्यंत त्यांना कुणी सांगितलंही नाही. पुढे दोन वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालत होत्या.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन प्रोसिडिंग बुक मागा आणि तुम्हाला नेमलं तो ठराव वाचा. त्याचा क्रमांक, तारीख आणि नेमकं काय लिहिलंय ते उतरवून घ्या. ठरावात तुमचं नाव घालून 'अध्यक्ष म्हणून निवड' असं असेल तर हे पद वेगळं सोडता येतं. पण समितीतली तुमची जागा सदस्यपदामुळे आपोआप आलेली असेल, म्हणजे पदसिद्ध असेल, तर सोडता येतं ते फक्त अध्यक्षपद. समितीत नाव राहील. तेवढं राहिलं तर बिघडत नाही. सह्या आणि पैसा सुटला की भार सुटला.

अर्ज असा लिहा. माझी भाषा जरा कार्यालयीन आहे, पण इथे ती तशीच हवी.

"प्रति, मा. सरपंच, ग्रामपंचायत (गावाचं नाव). विषय: पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा. महोदय, दि. … रोजीच्या ग्रामसभेच्या ठराव क्र. … अन्वये माझी वरील समितीच्या अध्यक्षपदी निवड झाली होती. कौटुंबिक कारणामुळे मला या कामासाठी पुरेसा वेळ देणे शक्य नसल्याने मी केवळ या समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा देत आहे. हा राजीनामा माझ्या ग्रामपंचायत सदस्यपदाचा नाही. ते पद मी धारण करीत आहे. समितीचे दप्तर, पावती पुस्तके, चेकबुक व किल्ल्या मी दि. … पर्यंत लेखी यादीसह सोपवीन. हा अर्ज पुढील मासिक सभेत ठेवून कार्यभार कोणाकडे द्यावा ते कळवावे, ही विनंती. आजवर सर्वांनी केलेल्या सहकार्याबद्दल आभारी आहे."

कारणाच्या जागी 'कौटुंबिक कारणामुळे' एवढंच पुरतं. डॉक्टरांचा दाखला जोडू नका, कुणी मागितला तरी या पदासाठी देऊ नका. अर्ज सभेत मोठ्यानं वाचला जातो, इतिवृत्तात उतरतो, आणि एकदा दप्तरात गेलेला आजार पाव्हण्यांच्या कानापर्यंत जायला वेळ लागत नाही. पण खोटं कारणही लिहू नका. 'मुलीच्या शिक्षणासाठी' लिहाल आणि लोकांना डायलिसिसचं कळेल, मग दोन्हीची चर्चा होईल. 'कामाचा ताण' किंवा 'सहकार्य मिळत नाही' यातलंही काही नको. पहिल्यानं सरपंच दुखावतात आणि दुसऱ्यानं विरोधी पार्टीला विषय मिळतो. कुणी खोदून विचारलं तर "घरचं आहे हो थोडं" एवढं म्हणून चहा पुढे करा.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. आवक नोंदवहीत नोंद होताना समोर थांबा. पण कागद देण्याआधी सरपंचांच्या घरी जाऊन दोघांना तोंडी सांगा, वहिनींनाही. गावात माणसाला राजीनाम्याचं वाईट वाटत नाही, तो आपल्याला दुसऱ्याकडून कळला याचं वाटतं. पाणी सोडणाऱ्या पोरालाही त्याच दिवशी सांगा, तो तुमच्यासाठी पहाटे पाचला उठत होता.

आता सोपवणं. यात खरा गुंता पैशाचा असतो आणि तो जवळजवळ नेहमी शेवटच्या पावती पुस्तकात अडकलेला असतो. एक उदाहरण आकड्यांसकट सांगतो, म्हणजे तुमचं पुस्तक घेऊन असंच बसता येईल. असा हिशेब मी एका अध्यक्षांबरोबर त्यांच्या ओट्यावर बसून केला होता.

शंभर पावत्यांचं पुस्तक. ३७ क्रमांकापर्यंतची रक्कम बँकेत भरलेली, भरणा पावती लावलेली. पुढच्या पावत्या ३८ ते ६१, म्हणजे २४. त्यातली ४४ क्रमांकाची चुकलेली, तिच्या दोन्ही प्रती पुस्तकातच, वर 'रद्द'. उरल्या २३. वर्षाची पाणीपट्टी १,२०० रुपये. पंधरा जणांनी पूर्ण भरली, ते झाले १८,००० रुपये. आठ जणांनी अर्धी भरली, ते ४,८०० रुपये. एकूण २२,८०० रुपये. डब्यातली रोकड मोजली तर २१,४५० रुपये. तूट १,३५०.

अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांनी लगेच आत जाऊन स्वतःच्या पाकिटातून पैसे आणले आणि "मिटलं" म्हणाले. मी म्हटलं, पैसे डब्यात टाका, पण मिटलं नाही, हे गेले कुठे ते शोधा. अर्ध्या तासानं त्यांच्या मिसेसना आठवलं. दिवाळीच्या आदल्या रात्री स्टार्टरची कॉइल गेली होती, वायरमननं नवी घातली आणि त्याला डब्यातूनच पैसे दिले होते. बिल देव्हाऱ्याखालच्या वहीत निघालं, बरोबर १,३५० रुपयांचं.

चोरी नव्हती, पण चूक होती. वसुलीची रक्कम आधी पूर्ण बँकेत जायला हवी आणि खर्च तिथून चेकनं व्हायला हवा. परस्पर खर्च केला की जमा कमी दिसते आणि खर्च दिसतच नाही. दुरुस्ती अशी केली: पाकिटातले १,३५० घालून पूर्ण २२,८०० रुपये बँकेत भरले. मग ते बिल समितीच्या सभेत ठेवलं, खर्चाला मंजुरीचा ठराव झाला, प्रमाणक तयार झालं आणि अध्यक्षांना १,३५० चा चेक मिळाला. समितीनं मंजुरी दिली नसती तर ते पैसे त्यांच्याच खिशातून गेले असते, हेही त्यांना आधी सांगितलं होतं. त्यांनी गुपचूप पैसे टाकून विषय मिटवला असता, तर पुढे वायरमन कुठेतरी "मला रोख दिले होते" म्हणाला असता आणि दप्तरात त्या कॉइलचा मागमूस नसता. लोकांनी काय अर्थ लावला असता, ते तुम्ही गावात राहता, तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या पुस्तकात तूट नसून वाढावा निघाला, म्हणजे रोकड जास्त भरली, तर तेही वाईटच लक्षण. कुणाचे पैसे घेतले आणि पावती द्यायची राहिली. अशा वेळी गल्लीतल्या ज्यांनी "भरले की वहिनी" म्हटलंय त्यांची नावं आठवा आणि पावत्या फाडा, आजच्या तारखेच्या. मागची तारीख कधीच टाकू नका.

हिशेब जुळला की एक कोरा फुलस्केप घ्या आणि हस्तांतर यादी करा. त्यात मोघम काही नको. 'पावती पुस्तके ३' असं न लिहिता 'पुस्तक क्र. १४, वापरलेल्या पावत्या १ ते ६१, कोऱ्या ६२ ते १००' असं लिहा. कोरी पावती म्हणजे पैसेच असतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. चेकबुकात कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत कोरे आहेत, रद्द किती, ते लिहा. पासबुक त्याच दिवशी भरून घ्या आणि शिल्लक तारखेसह यादीत घाला. ज्यांची पाणीपट्टी थकली आहे त्यांची यादी वेगळी द्या, पण त्यावर 'हा देत नाही', 'हा दारू पितो' असले शेरे नकोत. तो कागद उद्या त्याच माणसाच्या हातात पडेल. महावितरणचं बिल किती थकलंय तेही लिहा. नवीन अध्यक्षांनी पद घेतल्या आठवड्यात वीज तोडली गेली, तर दोष तुमच्या नावावर जाईल.

सह्या तीन असाव्यात: देणार तुम्ही, घेणार नवीन अध्यक्ष किंवा सभेनं सांगितलेली व्यक्ती, आणि समोर भाऊसाहेब. तिघांकडे एकेक प्रत. ग्रामसभा लांब असेल आणि नवीन अध्यक्ष अजून ठरले नसतील, तर मासिक सभेत 'तोपर्यंत कार्यभार अमक्याकडे' असा ठराव मागा. ठराव होईपर्यंत दप्तर आणि चेकबुक कुणाच्या घरी देऊ नका, सरपंचांच्याही नाही. फार घाई असेल तर ग्रामपंचायतीच्या कपाटात भाऊसाहेबांच्या सहीनं ठेवा.

बँकेकडे वेगळं जावं लागतं, आणि हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. गावात तुमचा राजीनामा मंजूर झाला तरी बँकेच्या दृष्टीनं तुमची सही चालूच असते. नवीन अध्यक्षांचे केवायसीचे कागद, सहीचा नमुना आणि ठरावाची प्रत जाईपर्यंत ती बदलत नाही, आणि यात कधी कधी महिना जातो. म्हणून त्याच दिवशी शाखा व्यवस्थापकांना तुमचं स्वतःचं पत्र द्या: अमुक तारखेपासून मी या खात्यावर सही करणार नाही, ठरावाची प्रत सोबत आहे. पोच घ्या. आणि एक बघा, खात्याला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय? बहुतेक तुमचा, नाहीतर मुलाचा. तो बदलून घ्या. नाहीतर पुण्यात दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या असताना गावाच्या पाण्याचे ओटीपी येत राहतील आणि कुणीतरी फोनवर मागेल, "वहिनी, तेवढा आकडा सांगा." तो सांगणं म्हणजे पुन्हा कोरा चेकच.

दप्तर झालं. आता टाकीकडे चला, तेही नवीन अध्यक्षांना घेऊन, सकाळी पाणी सुटायच्या वेळी. कागदावर न येणाऱ्या गोष्टी तिथे असतात. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या आळीचा, किती आटे फिरवायचा, कोणता उलटा फिरतो, उंचावरच्या वस्तीला आधी का सोडायचं. हे आज फक्त पाणी सोडणाऱ्याच्या डोक्यात आहे आणि थोडं तुमच्या. वहीच्या एका पानावर हातानं नकाशा काढा, शाळा, देऊळ, टाकी एवढ्या खुणा पुरतात. किल्ल्यांना चिंध्या बांधून त्यावर नावं लिहा. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पोतं कधी आणलं ते पोत्यावरच खडूनं लिहा. ती पावडर पडून राहिली, दमट झाली की तिचा जोर जातो. मग हजार लिटरला पाच ग्रॅमच्या हिशेबानं पन्नास हजार लिटरच्या टाकीत पाव किलो टाकली, तरी लांबच्या नळाला पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग येत नाही. नवीन माणूस बिचारा आपलंच चुकलं म्हणून डोकं खाजवत बसतो. हे त्यांना शेवटच्या आळीच्या नळावर एकदा करून दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे.

वेळेबद्दल. मार्चअखेर जवळ असेल तर हिशेब तिथपर्यंत तुम्ही पुरा करून द्या, मध्येच अर्धवट वर्ष नव्या माणसाच्या गळ्यात नको. पण मिस्टरांची तब्येत थांबत नसेल तर मार्च नाही की मे नाही, पुढच्या मासिक सभेला द्या. टंचाईच्या दिवसांत सोडल्याबद्दल दोन लोक बोलतील. बोलू द्या, हिशेब जुळलेला असेल तर ते उन्हाळ्यापुरतंच असतं.

सदस्यपद ठेवायचं म्हणता, तर त्याकडेही आत्ताच बघा. परवानगी न घेता सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलं की सदस्यपद जातं, आणि फार काळ गावाबाहेर राहायचं असलं तरी ग्रामपंचायतीची परवानगी लागते. म्हणून पुण्याला जाण्याआधी रजेचा अर्ज द्या, तो सभेत मंजूर होऊन ठराव होऊ द्या. हा अर्ज राजीनाम्याबरोबर एकाच पाकिटात घालू नका, वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर द्या. दोन कागद एकत्र गेले की एकाचा मजकूर दुसऱ्याला चिकटतो. आणि डायलिसिस नसलेल्या दिवशी जमेल तेव्हा एखाद्या मासिक सभेला येऊन हजेरीपुस्तकात सही करून जात जा. त्या सहीला रजेपेक्षा जास्त वजन आहे.

'पाणी पुरवठा' नावाचा जो व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्याच्या अॅडमिन तुम्ही असाल. नवीन अध्यक्षांना अॅडमिन करा, एक ओळीचा नमस्कार लिहा आणि बाहेर पडा. पहिले पंधरा दिवस तरीही फोन येतील, बहुतेक पहाटेच. देवळामागचा व्हॉल्व्ह का गळतोय विचारलं तर सांगा. पैशाचं काही विचारलं तर नव्या अध्यक्षांचा नंबर द्या.